काकांच्या बोटांचा दोष

लांज्याच्या केरूमामांच्या थोरल्या भावाच्या बाराव्याचा निरोप घरच्या ग्रुपवर आला आणि त्याखाली गंगाराम शिर्क्यांच्या फोनवरून लागोपाठ पाच नाचरी माकडं गेली, तेव्हा खुद्द गंगाराम न्हाणीघरात डोक्याला साबण लावून बसले होते. फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला होता. घरात दुसरं चिटपाखरू नव्हतं. पण हे पटवायचं कोणाला? केरूमामांनी त्या दिवसापासून बोलणं टाकलं, आणि बाकीच्या नातेवाइकांनी बोलणं वाढवलं. फरक एवढाच, की ते गंगारामांशी न बोलता गंगारामांविषयी बोलायला लागले.

माकडं ही नुसती सुरुवात. त्याच आठवड्यात व्याह्यांना ऐन दुपारच्या झोपेत सात वेळा फोन गेला. उचलला की पलीकडे कोणी नाही, नुसता पंख्याचा आवाज. मुलगा शुभंकर डोंबिवलीहून फोन करी, तर तो वाजून वाजून थांबे. गंगाराम फोन हातात घेऊन बसलेले असत, हिरव्या गोलावर बोट घासून घासून त्यांचं बोट तापे, पण फोन काही उचलला जाईना. निरोप लिहायला जावं तर काने-मात्रेच उमटत नसत. "मी ठीक आहे" असं त्यांनी एकदा चिकाटीने लिहून पाठवलं. शुभंकरला मिळालं ते "म ठक ह."

आता एकटा राहणारा अडुसष्ट वर्षांचा माणूस मयताच्या निरोपावर माकडं नाचवतो, भलत्या वेळी फोन लावून गप्प बसतो आणि "म ठक ह" असं लिहितो, म्हटल्यावर डोंबिवलीची माणसं काय समजायचं ते समजली. सून अक्षया हुशार, तिने मुंबईतल्या एका डॉक्टरांची सोमवारची वेळ घेतली. बाबांना आता इकडे एकटं ठेवायचं नाही, नाचणे गावातलं घर बंद करायचं आणि त्यांना घेऊन यायचं, असं ठरलं. ज्यांचं घर त्यांनाच तेवढं विचारायचं राहिलं.

खरं कारण गंगारामांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माकडांच्या आधी फोन पायरीच्या चिऱ्यावर पडला आणि काच तडकली. फक्त काच. खालचं चित्र लख्ख होतं, बोट लावलं की फोन मुकाट ऐकत होता. पण काचेचे कण बोटाला टोचायला लागले म्हणून ते एसटी स्टँडजवळच्या विनीतच्या दुकानात गेले. विनीत गोड बोलणारा. "काका, कंपनीची ओरिजिनल टाकून देतो, चहा पिऊन या." ते चहा पिऊन आले, नवी चकचकीत स्क्रीन बघितली, आणि निघताना सवयीने म्हणाले, "जुना भाग?"

"तुटकी काच ती, काय करताय तिचं? हात कापून घ्याल. आम्ही टाकून देतो."

आणि गंगाराम 'बरं' म्हणून निघाले. पोफळीच्या वीजघरात एकतीस वर्षं काढलेला माणूस! तिथे साधा फ्यूज बदलला तरी जुना कागदाच्या पट्टीवर नाव-तारीख घालून स्टोअरला परत करावा लागे, त्याशिवाय नवा पदरात पडत नसे. बदललेला भाग हातात असल्याशिवाय काम पुरं झालं असं म्हणायचं नाही, हे त्यांनीच किती शिकाऊ पोरांना खडसावून सांगितलं होतं. ते स्वतः मात्र एका कपभर चहात विसरले. या एका गोष्टीबद्दल त्यांना स्वतःचाही राग होता, बाकी सगळा विनीतच्या वाट्याचा होता.

तक्रार घेऊन ते तीनदा गेले. पहिल्यांदा विनीतने त्यांचं बोट हातात धरून उलटंसुलटं बघितलं, जणू बिघाड तिथेच आहे. "काका, वयाने कातडी सुकते. टच लागत नाही. जरा ओलं करून लावा." दुसऱ्यांदा म्हणाला, "कॅलिब्रेशन करावं लागेल." म्हणजे काय, तर त्याने फोनमध्ये एक अ‍ॅप उतरवलं, चार गोलांवर टकटक केली, एक हिरवी पट्टी शंभरपर्यंत धावली, मध्ये जाहिरात लागली, आणि झालं कॅलिब्रेशन.

गंगारामांचं टाळकंच सणकलं. वीजघरातली मापकं त्यांनी हयातभर कॅलिब्रेट केलेली. खात्रीचं माप शेजारी ठेवायचं आणि त्याच्याशी ताडून बघायचं, याला कॅलिब्रेशन म्हणतात. "मेल्या, तू ताडून बघतोस कशाशी?" त्यांनी विचारलं. विनीतने दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे बघून डोळा मारला. तो डोळा गंगारामांनी बघितला.

तिसऱ्यांदा विनीत म्हणाला, "पाणी गेलंय आत. नायतर परत पाडलात तुम्ही. आठवत नसेल." पाणी गेलं नव्हतं. फोन परत पडला नव्हता. आणि न आठवण्याइतके गंगाराम अजून गेलेले नव्हते.

यावर कडी म्हणजे शुभंकरने डोंबिवलीत बसून परस्पर विनीतलाच फोन केला. पोटच्या पोराला बापाचं म्हणणं पुरलं नाही, म्हणून दुकानदाराला विचारलं. आणि विनीत म्हणाला, "फोन एकदम ओके आहे दादा. काकांनाच जमत नाही. वय झालं, तुम्ही समजून घ्या." शुभंकरने समजून घेतलं. तेव्हापासून तो बापाशी एका वेगळ्याच आवाजात बोलायला लागला. "हो बाबा. हो, हो. आपोआप लागतो ना फोन? बरं, बरं." लहान पोराला औषध पाजताना काढतात तो आवाज. तो ऐकला की गंगारामांना फोन भिंतीवर आपटावासा वाटे. पण मग तो खरंच पडला असता.

शनिवारी सकाळी शुभंकर गाडीतून उतरला तो रिकामी बॅग घेऊनच. बाबांचे कपडे भरायला. गंगारामांनी चहा दिला आणि म्हणाले, "डॉक्टरकडे येतो. कुठल्यापण येतो. पण आधी तासभर माझ्याबरोबर चल."

"कुठे बाबा?"

"फोनच्या डॉक्टरकडे."

"हो बाबा, हो," शुभंकर म्हणाला.

मारुती मंदिराच्या मागच्या गल्लीत एका शिंपीदुकानाच्या शेजारी दिशा मयेकरचा लहानसा गाळा होता. पुढे काचेचं टेबल, त्यावर भिंग लावलेला दिवा आणि निळी रबरी चटई. पंचविशीची पोरगी, केस घट्ट बांधलेले, बोलणं तुटक. गंगारामांनी तिला सगळं सांगितलं, माकडांसकट. ती हसली नाही. या एका गोष्टीवर गंगारामांनी तिला निम्मे गुण तिथल्या तिथे देऊन टाकले.

तिने वरची संरक्षक काच सोलून काढली, स्क्रीन पुसली, फोन बंद करून चालू केला आणि सेटिंगमध्ये आत कुठेतरी जाऊन काहीतरी सुरू केलं. "आता बोट जिथे लागेल तिथे रेघ उमटेल. फोनला जे कळतंय ते आपल्याला दिसेल." फोन तिने चटईवर ठेवला आणि तिघंही वाकून बघत बसले.

काही झालं नाही. एक मिनिट, दोन मिनिटं. फोन एखाद्या सज्जन माणसासारखा पडून राहिला. शुभंकरने हळूच श्वास सोडला आणि बापाच्या खांद्यावर हात ठेवला. "असू दे बाबा."

"असू दे काय? हात काढ," गंगाराम म्हणाले. "पोरी, चार्जिंगला लाव. हा घे माझाच चार्जर."

दिशाने वायर खुपसली. चार-पाच सेकंद गेले आणि स्क्रीनच्या उजव्या कडेला एक ठिपका उमटला. मग दुसरा. मग तिथून रेघा सुटल्या त्या थेट डावीकडे, वर, खाली, वेड्यावाकड्या, एकावर एक. कोणाचा हात टेबलाच्या वीतभर जवळ नव्हता. शुभंकरने आपले दोन्ही हात आपसूक पाठीमागे घेतले. दिशाने सेटिंगमधून बाहेर येऊन घरचा ग्रुप उघडून ठेवला, आणि बघता बघता फोनने स्वतःच चित्रांचा कप्पा उघडला. "काढा, काढा, परत जाईल कायतरी!" गंगाराम ओरडले, तेव्हा तिने वायर उपटली आणि फोन गप्प झाला.

"आता हे बघा." तिने बोटाने वरपासून खालपर्यंत सरळ रेघ ओढली. मध्याच्या जरा खाली रेघ तुटली, दोन बोटं रिकामी जागा राहिली, आणि मग पुढे चालू झाली. दुसरी ओढली, तिसरी ओढली, सगळ्या तिथेच तुटल्या. "काने-मात्रे या पट्ट्यात येतात, आणि फोन उचलायचा गोलपण. तुमचं बोट ठीक आहे काका, इथे बोट ठेवलेलं फोनला कळतच नाही." तिने फोन आडवा केला, चित्र फिरलं, पण मेलेला पट्टा काचेवर होता तिथेच राहिला. "अ‍ॅपचा दोष असता तर चित्राबरोबर फिरला असता. हा भाग खराब आहे. सांगत्ये ना, कॅलिब्रेशन-बिलिब्रेशनने हे जायचं नाही. फोन स्क्रीन चालू होताना स्वतःच जुळवून घेतो. ती अ‍ॅपं नुसती गोल दाखवतात."

गंगारामांनी मुलाकडे बघितलं. शुभंकरचा चेहरा उतरला होता, पण अजून पुरता नाही.

"पण बाबा," तो म्हणाला, आणि आवाज तोच, औषध पाजायचा, "दुकानदार म्हणाला की फोन पाण्यात गेला, नाहीतर पुन्हा पडला. तसंही झालं असेल ना? तुमच्या लक्षात नसेल. तेच तर आम्ही म्हणतोय."

बघा, म्हणजे फोन वेडा आहे हे सिद्ध झालं, तरी म्हातारा त्यातून सुटत नव्हता! दिशाने एकदा बापाकडे, एकदा मुलाकडे बघितलं, आणि फोनची पाठ गरम करून उघडली. बॅटरी सपाट होती, फुगून स्क्रीनला दाबत नव्हती. पाणी लागलं की लाल होणारी एक टिकली आत असते, ती पांढरीशुभ्र होती. स्क्रीनची पट्टी जिथे बसते तो जोड तिने काढून, पुसून पुन्हा बसवला. तरी चार्जर लावताच रेघा सुटल्या. तिने स्वतःचा चार्जर लावला. रेघा कमी झाल्या, थांबल्या नाहीत.

"स्क्रीन नकली आहे," ती म्हणाली. "चार्जरमधून येणाऱ्या विजेची थोडीशी गडबडही हिला सोसवत नाही. पण नुसत्या माझ्या शब्दावर जायला नको. जुनी स्क्रीन असेल तर लावून बघू. त्याच फोनला, त्याच चार्जरवर. जुनी नीट चालली तर फोन निर्दोष, आणि पडला-बिडला सगळं खोटं. जुनी आहे ना?"

खात्रीच्या मापाशी ताडून बघणं. पोरीने नेमकं तेच मागितलं, आणि गंगारामांना जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. "त्याच्याकडे राहिली," ते म्हणाले. "टाकून देतो म्हणाला."

"कोण, विनीत?" दिशाच्या ओठांची एक कड वर गेली. "नुसती काच तडकलेली ओरिजिनल स्क्रीन कोणी टाकत नाही काका. मुंबईला पाठवून, नवी काच चढवून ती परत विकतात. टाकली नसेल. जा लवकर."

एसटी स्टँडपर्यंतचं अंतर गंगारामांनी अशा वेगाने कापलं, की शुभंकर मागे धावत होता. विनीत गिऱ्हाइकांच्या गराड्यात होता. "या काका! काय, परत बोट लागेना?" दोघे-तिघे हसले.

"माझी जुनी स्क्रीन दे."

"ती कधीच कचऱ्यात गेली."

गंगाराम वाद घालत बसले नाहीत. काउंटरच्या मागच्या फळीवर पुठ्ठ्याचं एक खोकं होतं, त्यावर 'मुंबई' असं लिहिलेलं, आणि त्यात फुगेवाल्या कागदात गुंडाळलेल्या पातळ पाट्या उभ्या रचलेल्या. ते आत शिरले आणि खोकं उचलून काउंटरवर ठेवलं. "ओ, ओ काका, हे काय चाललंय?" विनीत ओरडला. प्रत्येक पाटीवर कागदी चिकटपट्टी होती आणि पट्टीवर निळ्या शाईने काही लिहिलेलं. चौथी का पाचवी पाटी गंगारामांच्या हाताला लागली. कोपऱ्यात चिऱ्यावर आपटल्याची खूण, तिथून फुटलेले तीन तडे. त्यांनी पट्टी वाचली. मग ती मुलापुढे धरली आणि म्हणाले, "माझा चष्मा नाय. तू वाच."

चष्मा त्यांच्या नाकावरच होता. शुभंकरने वाचलं. "शिर्के काका, नाचणे. ओरिजिनल. फक्त काच. टच ओके."

विनीतने पाटीकडे हात पुढे केला, तो शुभंकरने अडवला.

"तुमचंच अक्षर ना?" शुभंकरने विचारलं. विनीत कायतरी म्हणाला, सप्लायरने फसवलं, दुकानातल्या पोऱ्याने चुकून ठेवलं, बदलून देतो, बसा ना दादा. शुभंकरचा आवाज चढला. "मला फोनवर काय सांगितलंत? काकांना जमत नाही? वय झालं? मी तुमच्या शब्दावर…" इथे तो थांबला. पुढचं वाक्य विनीतला सांगण्यासारखं नव्हतं.

गंगारामांनी मात्र पुढे होऊन, भर गिऱ्हाइकांत, आपलं उजवं बोट विनीतच्या नाकासमोर धरलं. "हे बोट एकतीस वर्षं वीजघराच्या बटणावर होतं. एक दिवस चुकलं असतं तर तुझ्या दुकानात दिवा लागला नसता. त्या बोटाला तू ओलं करून लाव म्हणालास. आणि त्याआधीच तू लिहून ठेवलं होतंस की टच ओके. माहीत असून, मेल्या! माहीत असून माझ्या पोराला सांगितलंस की बाप कामातून गेला!" विनीतने मान खाली घातली, आणि रांगेतल्या एका बाईने आपला दुरुस्तीला दिलेला फोन न बोलता परत मागून घेतला.

जुनी स्क्रीन घेऊन ते गाळ्यात परतले, तेव्हा दिशाने नकली स्क्रीनचा जोड सोडवला, जुनी न चिकटवता नुसती जोडली आणि गंगारामांचाच चार्जर लावला. काचेवरचे तडे होते तसेच होते. ठिपका उमटला नाही. रेघ सुटली नाही. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मग ती म्हणाली, "काका, तुम्ही ओढा." गंगारामांनी आपल्या सुकल्या कातडीच्या बोटाने वरपासून खालपर्यंत रेघ ओढली. कुठेही न तुटता ती तळाला गेली.

"झालं तर," शुभंकर ओशाळं हसून म्हणाला. "सॉरी बाबा. खरंच सॉरी. आता सगळे हसतील बघा, माकडांची गोष्ट ऐकून."

"हसतील?" गंगाराम हसले नाहीत. विनीतवरचा राग दुकानातच उतरला होता. हा राग वेगळा होता आणि तो खोल होता. "तो दुकानदार. त्याला नफा होता म्हणून तो खोटं बोलला. तुला काय होतं रे? मी तुला चारदा सांगितलं, फोन आपोआप लागतो. तू एकदा येऊन फोन बघितला नाहीस. डॉक्टर बघितलास."

शुभंकर चार्जरची वायर बोटाला गुंडाळायला लागला.

"किती जणांना सांगितलंस?"

"कोणाला नाही. म्हणजे… घरातल्यांनाच."

"त्या सगळ्यांना आता इथून फोन लाव. माझ्यासमोर. सांग, बाबांना काही झालेलं नाही, फोनला झालं होतं."

दिशा भिंगाखाली मान घालून जुनी स्क्रीन चिकटवायच्या कामाला लागली. शुभंकरने फोन काढला. आधी अक्षया. मग व्याही. मग केरूमामा, ते पलीकडून इतक्या मोठ्याने बोलले की शिंप्याच्या मशीनपर्यंत ऐकू गेलं. इथवर गंगारामांना अपेक्षा होती. पण फोन थांबेनात. खेडची आत्या. अक्षयाची बहीण. शेजारचे जोशी, त्यांना बाबांवर लक्ष ठेवायला सांगितलं होतं. पोफळीचे जुने सोबती केळकर, त्यांनाही! नळाचं काम करणारा, गॅसवाला. एकेका नावासरशी गंगाराम स्टुलावर जरासे खचत गेले. गेले पंधरा दिवस ज्यांनी ज्यांनी वाटेत थांबून "कसं काय काका, बरं वाटतंय ना?" असं गोड विचारलं होतं, ते सगळे या यादीत निघाले. आणि आपण त्या प्रत्येकाला हसून "एकदम मजेत" म्हणालो होतो.

"झाले?" त्यांनी विचारलं.

शुभंकरने फोनकडे बघितलं, मग जमिनीकडे. "एक राहिलाय. उद्या सकाळी अकराला एक माणूस येणार होता. घर बघायला. भाड्याने."

दिशाच्या हातातला चिमटा थांबला. गंगारामांना वाटलं, हे ऐकून आपण ओरडू. पण ओरडण्याइतकं अंगात काही उरलेलं नव्हतं.

दिशाने फोन त्यांच्यापुढे सरकवला. "चिकटलाय. काचेवर पातळ फिल्म लावल्ये, टोचणार नाही."

"नंबर सांग त्याचा," गंगाराम म्हणाले.

"बाबा, मी सांगतो ना त्याला."

"नंबर सांग."

शुभंकर एकेक आकडा सांगत गेला आणि गंगाराम एकेक आकडा दाबत गेले. दहाही आकडे बरोबर उमटले. पलीकडून कोणीतरी उचललं.

"नमस्कार," ते म्हणाले. "नाचण्याच्या घराबद्दल बोलतोय. उद्या येऊ नका. घर भाड्याने द्यायचं नाही. मालक तिथेच राहतो, आणि तो शुद्धीवर आहे."